निम्मे-निम्मे शेअर आणि हिशेबनीसाची वही

पत्र

आम्ही दोघे गिरगावातल्या एकाच चाळीत वाढलो. १९९८ मध्ये नाटकं, लग्नं, गणपती यांना लाइट भाड्याने देण्याचा धंदा भागीदारीत काढला. २०११ मध्ये सीएच्या सांगण्यावरून त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. शेअर निम्मे-निम्मे, डायरेक्टर आम्ही दोघंच, चेकवर दोघांची सही. त्याच्या मुलाला आत घेण्यावरून बिनसलं. सव्वा वर्ष झालं, आमच्यात बोलणं नाही. निरोप असतील ते हिशेबनीसांच्या वहीत लिहितो. गेल्या वर्षीच्या बॅलन्स शीटवर त्याने सही केली नाही. नवीन एलईडी घ्यायला मी नकार दिला, हेही खरं. धंदा फायद्यात आहे. चिंचपोकळीचा गाळा १ कोटी ६० लाखांचा, सामान ४० लाखांचं, येणी २२ लाख, एफडी १८ लाख. ओव्हरड्राफ्ट वगैरे देणी ५० लाख. तो म्हणतो, तुझे शेअर मी घेतो, पण भाव मी सांगेन तो. मला ते नको. कंपनीच बंद करायची आहे. फायद्यातली कंपनी कोर्ट बंद करेल का?

— एक वाचक, दादर

उत्तर

करू शकतं. तुमच्या कंपनीची घडण पाहता मुद्दा चांगला आहे. पण तुम्ही ज्या घाईने ‘बंदच करायची’ म्हणता, त्या घाईनेच हरलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी फायद्याची शंका. १९१६ मध्ये लंडनच्या अपील कोर्टापुढे येनिजे टोबॅको नावाच्या कंपनीचं प्रकरण आलं होतं. वाइनबर्ग आणि रॉथमन या दोन तंबाखूवाल्यांनी आपापले धंदे एकत्र करून ती काढली होती. मतं सारखी, डायरेक्टर दोघंच. मग असं फिसकटलं की एकाच कचेरीत बसून ते एकमेकांशी सेक्रेटरीमार्फत बोलायचे. मतभेद झाला तर लवादाकडे जायचं असं कलम होतं, म्हणून तेही करून पाहिलं. लवादावर हजार पौंडांहून जास्त खर्च झाला आणि निकाल आल्यावर रॉथमनने तो पाळायचं नाकारलं. कंपनी मात्र पूर्वीपेक्षा जास्त नफा कमावत होती. तरीही कोर्टाने ती बंद केली. दोन भागीदारांची अशी अवस्था झाली असती तर भागीदारी मोडली असती, मग वर कंपनीची पाटी लावली म्हणून वेगळं काय करायचं, असा त्यामागचा विचार. तुमच्या हिशेबनीसांची वही वाचताना मला तो सेक्रेटरी आठवला.

आपल्याकडे हा आधार कंपनी कायदा २०१३च्या कलम २७१ मध्ये आहे: कंपनी बंद करणं न्याय्य आणि समन्यायी आहे असं ट्रिब्युनलला वाटलं पाहिजे. वकील मंडळी याला ‘जस्ट अँड इक्विटेबल’ म्हणतात. भागधारक म्हणून अर्ज करायचा हक्क तुम्हाला कलम २७२ देतं, शेअरचे सगळे पैसे भरून झालेले असले तरी. अर्ज जातो कफ परेडला, नॅशनल कंपनी लॉ ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठाकडे. दिवाणी कोर्टात जाऊ नका, हा विषय त्यांच्या कक्षेबाहेर आहे. आणि ट्रिब्युनलशिवाय तुम्हाला वाटही नाही. स्वेच्छेने लिक्विडेशन, म्हणजे सगळं विकून, देणी फेडून कंपनी गुंडाळणं, करायचं तर भागधारकांच्या तीन चतुर्थांश मतांचा ठराव लागतो, रजिस्टरमधून नाव काढून घ्यायचं तर पंचाहत्तर टक्के संमती. तुमच्याकडे पन्नास आहेत, त्याच्याकडे पन्नास. तो ‘हो’ म्हणाला असता तर तुम्ही हे पत्रच लिहिलं नसतं.

आता मूळ प्रश्न: तुमची कंपनी खरोखर आतून भागीदारी आहे का? याला अर्ध-भागीदारी म्हणतात, आणि ती कशी ओळखायची हे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, १९७२ मध्ये इब्राहिमी विरुद्ध वेस्टबोर्न गॅलरीज या खटल्यात सांगितलं. आपली ट्रिब्युनल्सही तो निकाल पाहतात. त्याची गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही. इराणी गालिचे विकणारे इब्राहिमी आणि नाझर हे दोघे भागीदार होते. १९५८ मध्ये त्यांनी कंपनी केली आणि शेअर निम्मे-निम्मे घेतले. मग नाझरचा मुलगा आला, दोघांनी आपल्यातले शंभर-शंभर शेअर त्याला दिले. पुढे १९६९ मध्ये बाप-लेकांनी मिळून इब्राहिमींना डायरेक्टर पदावरून काढलं. कायद्याच्या अक्षराने त्यात चूक नव्हती, बहुमत त्यांचं होतं. पण नफा तिथे लाभांश म्हणून कधी वाटलाच जात नव्हता, सगळा डायरेक्टरांच्या मेहनतान्यातून जायचा. त्यामुळे पद गेलं की मिळकतही गेली. कंपनी बंद करण्याचा हुकूम झाला.

न्यायाधीश लॉर्ड विल्बरफोर्स यांनी तिथे तीन खुणा सांगितल्या: संबंध एकमेकांवरच्या विश्वासातून जुळलेला असावा, सगळ्यांनी किंवा काहींनी कारभारात भाग घ्यायचा असं ठरलेलं असावं, आणि शेअर बाहेरच्याला सहज विकता येऊ नयेत. तिन्ही दिसल्याच पाहिजेत असं नाही, पण तुमच्याकडे तिन्ही असाव्यात. नुसतं ‘आम्ही लहानपणीचे मित्र’ म्हणून चालणार नाही, कागद लागतील. १९९८चं भागीदारीचं डीड शोधा. २०११ मध्ये फर्मची मालमत्ता कंपनीत कशी गेली याचे कागद सीएकडे मागा. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, शेअर हस्तांतरणावरचं बंधन असेल, प्रायव्हेट कंपनीला ते असावंच लागतं, त्या पानावर खूण करून ठेवा. आणि २०११ पासूनचे डायरेक्टरांचे पगार पाहा. दरवर्षी दोघांना सारखा पगार आणि लाभांश शून्य, असं असेल तर तो तक्ता अर्जाला जोडण्याजोगा पहिला कागद. साक्षीदारापेक्षा तो जास्त बोलतो.

इथे एक इशारा देतो. आपलं सुप्रीम कोर्ट या बाबतीत इंग्रजांपेक्षा हात आखडता घेतं. १९७६ च्या हिंद ओव्हरसीज प्रकरणात त्यांनी स्पष्ट केलं की कंपनी घरगुती किंवा जवळच्यांची आहे म्हणून भागीदारीचे नियम तिला सरसकट लावायचे नाहीत, प्रत्येक कंपनीचा इतिहास पाहायचा. तिथे अर्ज फेटाळला गेला. तुमचं बळ त्या इतिहासातच आहे, म्हणून कागदांवर इतका जोर देतोय.

दुसरी गोष्ट आजच तपासा. आर्टिकल्समध्ये बोर्डाच्या अध्यक्षाला निर्णायक मत दिलेलं आहे का? कायद्यातल्या नमुना आर्टिकल्समध्ये, म्हणजे टेबल एफमध्ये, ते आहे, आणि बरेच सीए तोच नमुना उचलून चिकटवतात. त्यात एखाद्या जुन्या ठरावाने तुमचा मित्र कायमचा अध्यक्ष असेल, तर मतं समसमान पडल्यावर त्याच्या दुसऱ्या मताने बोर्डातला ठराव पास होतो. तुम्ही ज्याला कोंडी म्हणता ती समोरचा वकील कोंडी म्हणूच देणार नाही. अध्यक्षच ठरलेला नसेल, किंवा ते कलमच वगळलेलं असेल, तर तुमची बाजू घट्ट.

कोंडी कागदावर दिसेल असंही पाहा. सध्या ती फक्त तुमच्या मनात आणि हिशेबनीसांच्या वहीत आहे. सात दिवसांची लेखी नोटीस देऊन बोर्डाची बैठक बोलवा. विषय दोनच ठेवा: गेल्या वर्षीच्या हिशेबांना मंजुरी आणि एलईडीची खरेदी. तो आला आणि विरोधात मत दिलं, तर मिनिट्समध्ये ते नोंदवलं जाईल. आला नाही, तर कोरम होणार नाही, कारण बोर्डाला किमान दोघं लागतात. तेही नोंदवा, पोस्टाच्या पावतीसह. असं दोनदा-तीनदा करा. एलईडीचा विषय मुद्दाम घ्यायला सांगतोय. तुम्ही नकार दिला आहे आणि नकाराचं कारण लेखी नाही. ट्रिब्युनल पहिलं हेच पाहील की भांडण स्वतः पेटवून हा माणूस कंपनी बंद करायला निघाला आहे का. ‘दर जास्त होता, दुसरी कोटेशन्स मागवू’ असं कारण असेल तर ते आता लेखी येऊ द्या. राग होता असं कारण असेल तर खरेदीला मंजुरी देऊन टाका. चार दिवे घेतल्याने तुमचा खटला पडत नाही.

बैठकांना स्वतः चुकू नका. बारा महिन्यांत झालेल्या सगळ्या बोर्ड बैठकांना गैरहजर राहिलेल्या डायरेक्टरचं पद आपोआप जातं. दोघांच्या बोर्डात एकट्याने बैठक होत नाही हे खरं, पण ‘झाली’ असं खोटं दाखवलेली मिनिट्स मी वाचली आहेत. तसंच दर पंधरवड्याला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने कोणते फॉर्म भरले गेले ते पाहत जा. नवे शेअर वाटल्याचा पीएएस-३ किंवा डायरेक्टर बदलल्याचा डीआयआर-१२ दिसला, तर त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. निम्मे-निम्मे हेच तुमचं अस्त्र आहे. ते ५५-४५ झालं तर तुम्ही अल्पमतात.

आता त्या हरलेल्या माणसाकडे. तुमच्यासारखाच, दोघांची कंपनी, उपनगरात छोटा कारखाना. कोंडी शंभर टक्के खरी होती. पण अर्ज दाखल झाल्यावर समोरच्याने शहाणपणा केला. दोघांनी मिळून एक रजिस्टर्ड व्हॅल्युअर नेमावा, तो सांगेल त्या भावाने मी याचे शेअर घेतो, पैसे सहा महिन्यांत, असं पत्र पाठवलं. आमच्या माणसाने ते पत्र फाडलं नाही एवढंच. “मला त्याला धंदा मिळू द्यायचा नाही,” हे वाक्य त्याने माझ्या टेबलाशी बसून तीन वेळा उच्चारलं. अर्ज फेटाळला गेला.

का, ते कलम २७३च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. अर्जदाराला दुसरा उपाय उपलब्ध असेल आणि तो सोडून तो बंद करण्याचा हट्ट अवाजवीपणे धरत असेल, तर ट्रिब्युनल नकार देऊ शकतं. तुमच्या बाबतीत सगळं इथे अडणार आहे. तुमचा मित्र ‘भाव मी सांगेन’ म्हणतो तोवर तुम्ही सुरक्षित आहात, कारण एकट्याने ठरवलेल्या भावाला कोणी उपाय म्हणत नाही. पण उद्या त्याला बरा वकील भेटला आणि त्याने त्रयस्थाकडून मूल्यांकन करून घेण्याची तयारी दाखवली, तर त्या दिवसापासून तुमचा नकार हट्ट ठरेल. ते पत्र त्याच्याकडून यायच्या आत तुमच्याकडून जाऊ दे.

त्याला धंदा देणं जिवावर येतंय हे कळतं. म्हणून तुमचेच आकडे घेऊन बसतो. चालू धंदा म्हणून मालमत्ता २ कोटी ४० लाख, देणी ५० लाख, उरले १ कोटी ९० लाख. तुमचे ९५ लाख, आणि नावलौकिकाची किंमत लागली तर थोडे वर. आता तीच कंपनी लिक्विडेटरच्या हातात. गाळा घाईत विकला की १ कोटी ४० लाख धरा. वापरलेले पार दिवे आणि डिमर कोण पूर्ण किमतीला घेतो? १२ लाख. येणी ही मंडळांची आणि नाट्यसंस्थांची. कंपनी बंद होतेय कळल्यावर त्यातली निम्म्याहून थोडी जास्त आली तरी खूप, १२ लाख. एफडी १८ लाख. एकूण १ कोटी ८२ लाख. देणी वजा केल्यावर १ कोटी ३२ लाख. लिक्विडेटरचा खर्च, गाळ्याच्या विक्रीवरचा कर, माणसांची नुकसानभरपाई यांचे २० लाख काढले की १ कोटी १२ लाख. तुमच्या वाट्याला ५६ लाख, तेही काही वर्षांनी. माझे अंदाज थोडे इकडे-तिकडे होतील, पण मधली तफावत मिटणार नाही.

शिवाय अर्ज दाखल करून घेतला की सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी त्याची जाहिरात एका इंग्रजी आणि एका मराठी पेपरात द्यावी लागते. ती श्रावणात छापून आली तर गणपतीच्या किती ऑर्डर उरतील, हे तुम्ही मला सांगा. पुढे कंपनी बंद करण्याचा हुकूम झालाच तर बंद होण्याची सुरुवात अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, आणि त्यानंतर ट्रिब्युनलच्या परवानगीशिवाय दिलेली मालमत्ता वा पैसा रद्दबातल ठरू शकतो. बँकेला हे ठाऊक असतं, म्हणून ती लगेच हात आखडते. ओव्हरड्राफ्टला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल, तर कंपनी संपल्याने हमी संपत नाही, हेही लक्षात असू द्या.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर पहिला अर्ज कलम २४१-२४२ खाली, म्हणजे जुलूम आणि गैरकारभाराविरुद्धचा, केला असता. तुमच्याकडे दहा टक्क्यांहून जास्त शेअर आहेत, त्यामुळे हक्क आहे. पुरावाही बराचसा तोच लागतो, कारण कंपनी बंद करणं न्याय्य ठरावं अशी परिस्थिती तिथेही दाखवावी लागते. फरक असा की ट्रिब्युनल एकाला दुसऱ्याचे शेअर घ्यायला लावू शकतं, मधल्या काळासाठी ‘शेअर वाढवू नका, गाळा विकू नका’ असे हुकूम देऊ शकतं. २००८ मध्ये राधारमणन प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे बाप आणि मुलगा अशा दोनच भागधारकांची कंपनी होती, आणि कोंडी तुमच्यासारखीच. जुलूम काटेकोरपणे सिद्ध झाला नाही तरी अशा कोंडीत एकाने दुसऱ्याचे शेअर घेण्याचा मार्ग काढता येतो, असं तिथे मान्य झालं.

अर्जाआधी त्याला एक पत्र पाठवा. त्यात भाव लिहू नका. दोघांना मान्य असा एक रजिस्टर्ड व्हॅल्युअर, चालू धंदा म्हणून मूल्यांकन, आणि तो जो आकडा देईल त्यावर आधी तुमच्या मित्राने ठरवायचं: घ्यायचे की द्यायचे. लहानपणी आंबा वाटताना एकाने कापायचा आणि दुसऱ्याने फोड निवडायची, तसंच. तीस दिवसांची मुदत द्या. ओव्हरड्राफ्टच्या हमीतून बाहेर पडणाऱ्याला मोकळं करायची अट त्यात घाला, ही अट लोक हमखास विसरतात. त्याने हे नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर कलम २७२चा अर्ज करताना ‘दुसरा उपाय होता ना?’ या प्रश्नाला तुमच्याकडे पोस्टाच्या पावतीसह उत्तर असेल. तेव्हा मात्र बेधडक बंद करायला मागा.

बॅलन्स शीटचं भांडण या सगळ्यापासून वेगळं काढा. हिशेबांवर दोघांच्या सह्या नाहीत म्हणून वार्षिक फॉर्म भरले गेले नसतील, तर प्रत्येक फॉर्ममागे रोजचे शंभर रुपये चढताहेत. सलग तीन वर्षं असंच गेलं तर तुम्ही दोघंही पाच वर्षांसाठी डायरेक्टर व्हायला अपात्र ठराल, आणि त्यात बरोबर कोण आणि चूक कोण हे कोणी विचारत नाही. सही केल्याने तुमचा आक्षेप संपत नाही, तो मिनिट्समध्ये लिहून सही करा, आणि हेच त्यालाही कळवा.

आणि ती वही. उद्या सकाळी हिशेबनीसांकडे जा आणि सव्वा वर्षाच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, तारखा स्पष्ट दिसतील असे. मूळ वही घरी आणू नका, ती कंपनीची आहे आणि तुम्ही पळवली असं म्हणायला त्याला निमित्त मिळेल. हिशेबनीसांना मात्र सांगून ठेवा की जुनी वही भरली म्हणून रद्दीत घालू नका.